गावी जाताना पूर्ण इमेजच न्या

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांच्या बोलण्यात एकच विषय येतो: गावी आई-बाबांकडे किंवा काकांकडे असलेला जुना लॅपटॉप. यंत्र ठणठणीत आहे, पण विंडोज ११ त्याला चालत नाही. मग जून-जुलैच्या सुट्टीत त्यावर लिनक्स टाकून यायचे ठरते आणि पहिलाच प्रश्न पडतो की फाइल कोणती उतरवायची. सल्ला बहुतेक वेळा असा मिळतो: नेट हळू असेल तर छोटी नेटइन्स्ट फाइल घ्या. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. आपल्यासारख्या, अल मवालेहमधून कोकणात किंवा मराठवाड्यात जाणाऱ्यांसाठी तर तो बहुधा उलटाच आहे.

डेबियन १३ चे उदाहरण घेऊ. त्याची नेटइन्स्ट फाइल साधारण पाऊण जीबीची असते आणि पूर्ण डीव्हीडी-१ ची इमेज सुमारे ३.७ जीबीची. नुसते हे आकडे पाहिले तर निवड सोपी वाटते. पण नेटइन्स्टमध्ये असते ते इन्स्टॉलर आणि मूळ प्रणाली एवढेच. खिडक्या, ब्राउझर, लिब्रेऑफिस असा डेस्कटॉप ती इन्स्टॉल होत असतानाच इंटरनेटवरून आणते. ही भर, कोणता डेस्कटॉप निवडला त्यानुसार, ढोबळमानाने एक ते दीड जीबीची पडते. म्हणजे नेटइन्स्टचा खरा हिशेब पाऊण जीबी अधिक सुमारे सव्वा जीबी, एकूण दोन जीबी. एकाच यंत्राचा प्रश्न असेल तर हे डीव्हीडीपेक्षा कमीच आहे, हे मान्य. पण दुसऱ्या यंत्राला पुन्हा सव्वा जीबी लागतो आणि तिसऱ्यालाही तेवढाच. तीन यंत्रांचा हिशेब साडेचार जीबीवर जातो, तर डीव्हीडी ३.७ वरच थांबते. घरात काकांचा, भाचीचा आणि शेजारच्यांचा असे तीन लॅपटॉप वाट पाहत असतील, तर छोटी फाइलच महाग पडते.

तरीही माझा मुद्दा मुख्यतः जीबींचा नाही. तो जीबी कुठे आणि केव्हा लागतो, हा आहे. पूर्ण इमेज तुम्ही मस्कतमध्ये, घरच्या फायबरवर, रात्रीत उतरवता. जोडणी तुटली तर `wget -c` ने अर्ध्यावरून पुढे चालू करता. उतरल्यावर `sha256sum` ने बेरीज काढून डेबियनच्या `SHA256SUMS` फाइलशी ताडून पाहता. काही चुकले असेल तर ते इथेच कळते आणि पुन्हा उतरवायला वेळही असतो. नेटइन्स्टचे मोठे काम मात्र गावी, ऐन इन्स्टॉलेशनच्या मध्यात होते. बाहेर पाऊस, फोनच्या हॉटस्पॉटवर २ एमबीपीएस. या वेगाने तासाला जेमतेम ०.९ जीबी उतरतो, म्हणजे सव्वा जीबीला सलग दीड तास लागतो. कोकणातल्या जूनमध्ये वीज आणि टॉवर दोन्ही दीड तास न जाता टिकले तर उत्तमच.

आणि मध्येच जोडणी गेली तर? इन्स्टॉलरमध्ये क्रम असा आहे की आधी डिस्कचे विभाजन होते, मग मूळ प्रणाली बसते आणि डेस्कटॉप सर्वांत शेवटी येतो. त्यामुळे `Select and install software` या पायरीवर लाल पडदा येऊन काम थांबले, तर तोवर जुने विंडोज पुसले गेलेले असते. पायरी पुन्हा चालवता येते, पण नेट परत आले तरच. ते आलेच नाही आणि तुम्ही तसेच पुढे गेलात, तर यंत्र सुरू होते ते काळ्या पडद्यावर, `login:` एवढीच अक्षरे घेऊन. तुम्हाला त्यातून वाट काढता येईल, पण परवा तुमचे परतीचे विमान असेल तर काकांना येणार नाही.

आणखी एक अडचण आधी लक्षात येत नाही. हॉटेल किंवा वसतिगृहाच्या वायफायवर ब्राउझरमध्ये आधी लॉगिनचे पान उघडते. इन्स्टॉलरमध्ये ब्राउझर नसतो, त्यामुळे वायफाय जोडले गेल्याचे दिसते, पण मिररच्या पायरीवर `Bad archive mirror` येते. मिरर बदलत बसू नका, दोष त्याचा नसतो. अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करा. इन्स्टॉलर त्याकडे साध्या तारेच्या जोडणीसारखे पाहतो.

पूर्ण इमेज घेतली की सगळे आपोआप जुळते असे मात्र नाही. डीव्हीडी-१ मध्ये सर्वाधिक वापरली जाणारी पॅकेजेस असतात, सगळी नाहीत. आपल्या कामाच्या देवनागरी फॉन्टचे आणि मराठी टंकलेखनाचे पॅकेज त्यात आहे का, हे निघण्यापूर्वी पाहून घ्या. डेबियनच्या संकेतस्थळावर इमेजच्या शेजारीच `list-dvd` फोल्डरमध्ये तिच्यातील पॅकेजेसची यादी असते. ती उतरवली की एका ओळीत शोधता येते:

```
zgrep -E 'fonts-deva|ibus-m17n' debian-*-DVD-1.list.gz
```

नाव दिसले नाही तर ते पॅकेज आणि ते ज्यांवर अवलंबून आहे ती पॅकेजेस मस्कतमध्येच उतरवून वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. त्याच पेनड्राइव्हवर इमेजची एक प्रतही ठेवा. एफएटी३२ मध्ये एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते आणि ३.७ जीबीची ही फाइल त्यात बसते. इन्स्टॉलेशननंतर नेटशिवाय काही बसवायचे झाले तर ही प्रत उपयोगी पडते. आधी ती यंत्रावर उतरवून जोडा:

```
sudo mount -o loop debian.iso /mnt
```

मग `/etc/apt/sources.list` मध्ये ही ओळ घाला आणि `cdrom:` ने सुरू होणारी जुनी ओळ असेल तर तिच्यापुढे `#` लावा, नाहीतर apt डिस्क घालायला सांगत राहते:

```
deb [trusted=yes] file:/mnt trixie main
```

`trusted=yes` लिहावे लागते कारण इमेजमधील यादीवर apt ला लागणारी सही नसते. म्हणूनच आधी केलेली बेरजेची तपासणी महत्त्वाची. त्यानंतर `sudo apt update` करून हवे ते पॅकेज बसवा.

नेटइन्स्टच्या बाजूने एक खरा मुद्दा उरतो. ती त्या दिवशीची ताजी पॅकेजेस आणते, तर इमेज ज्या दिवशी तयार झाली तिथेच थांबलेली असते. डेबियन दर काही महिन्यांनी सुधारित इमेज काढते, त्यामुळे गेल्या वर्षीची फाइल पुन्हा वापरू नका, निघण्याच्या आठवड्यात नवी घ्या. उरलेली सुरक्षा-अद्यतने नेट मिळेल तेव्हा आणावीच लागतात, आणि काकांचा लॅपटॉप बँकेच्या कामाला वापरला जाणार असेल तर त्याआधी. फरक इतकाच की तोवर यंत्र चालू असते. अद्यतने आज थोडी, उद्या थोडी अशी उतरवता येतात आणि मध्ये नेट गेले तरी डेस्कटॉप जागेवर राहतो.

तेव्हा माझा कौल असा: मस्कतच्याच घरात, चांगल्या जोडणीवर, एकाच यंत्रावर लिनक्स टाकायचे असेल तर नेटइन्स्ट. जिथे डेटा मोजून मिळतो किंवा नेटचा भरवसा नाही, अशा घरी जायचे असेल तर ३.७ जीबी इथून भरून न्या.