महालक्ष्म्यांचे तोरण जुन्या लुगड्यातून

भाद्रपदात वऱ्हाडातील घराघरांत महालक्ष्म्या येतात. तीन दिवसांनी त्यांची पाठवणी होते आणि सजावटीचा बराचसा भाग कचऱ्यात जातो. २०१८ मध्ये राज्य शासनाने थर्माकोलच्या सजावटीवर बंदी घातली. मात्र कापडाचे एक तोरण नीट शिवून जपले, तर दारासाठी दरवर्षी नवे काही घ्यावे लागत नाही. पुढील रीतीत कापडाच्या कडा दुमडून शिवाव्या लागत नाहीत. त्यामुळे थकलेल्या हातांनाही ती जमते.

तोरणासाठी मऊ झालेले सुती लुगडे घ्यावे. आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने ते चोळून पाहावे. फडक्याला रंग लागला, तर पाणी स्वच्छ येईपर्यंत लुगडे वेगळे धुवावे.

९० सेंटिमीटर रुंद दारासाठी २० सेंटिमीटरचे पाच चौकोन कापावेत. प्रत्येक चौकोन कोपऱ्याला कोपरा जुळवून दोनदा दुमडावा. तयार झालेल्या त्रिकोणाच्या लांब बाजूला सर्व कापलेल्या कडा एकत्र येतात. आता ८ सेंटिमीटर रुंद व एक मीटर लांब पट्टी घ्यावी. तिच्या लांब कडा एकेक सेंटिमीटर व दोन्ही टोके पाच-पाच सेंटिमीटर आत दुमडावीत आणि पट्टी मधोमध घडी करावी. त्रिकोणांच्या त्या लांब कडा पट्टीच्या घडीत एक सेंटिमीटर खोचाव्यात. प्रत्येक त्रिकोण शेजारच्यावर अडीच सेंटिमीटर चढवावा, म्हणजे माप बरोबर भरते. शेवटी पट्टीवरून एकच धावदोरा घालावा आणि दोन्ही टोकांना नाडीचे फासे लावावेत. मोठ्या नेढ्याच्या चार सुया घरातील कोणी सकाळीच ओवून ठेवल्या, तर आजींना दोऱ्यासाठी खोळंबावे लागत नाही.

कागदी पंखे करायचे असल्यास जाड कागदाच्या घड्या मधोमध दोऱ्याने बांधाव्यात. मैद्याच्या खळीने चिकटवलेल्या कागदाला कसर लागते. पृष्ठभाग खरवडल्यासारखा दिसला किंवा कडा वेड्यावाकड्या कुरतडलेल्या आढळल्या, की ती ओळखावी. पावसाळी दमटपणात कागद मऊ पडतो, म्हणून पंखे घरातच लावावेत. कागद असो वा कापड, समईपासून दूरच ठेवावे.

तोरण टांगण्यासाठी ज्येष्ठांनी स्टुलावर चढू नये. चौकटीला दोन खिळे कायमचे ठोकून घ्यावेत आणि फासे अडकवण्याचे काम घरातील तरुण व्यक्तीने करावे.

पाठवणीनंतर तोरण धुवावे, पण त्याला खळ देऊ नये. कसर खळीच्या कापडालाही लागते. रंग विटू नये म्हणून ते सावलीत वाळवावे. पूर्ण कोरडे झाल्यावरच जुन्या धोतराच्या तुकड्यात वाळलेल्या कडुनिंबाच्या पानांसह गुंडाळून ठेवावे. किंचित ओल राहिली, तरी काळे ठिपके पडतात आणि ते सहसा निघत नाहीत.