बंद डोळे उघडले, तरी फोटो खोटा का वाटतो?

ग्रुप फोटोत एकाचे डोळे मिटले की दुसऱ्या फोटोतले उघडे डोळे आणून बसवायचे, हे काम आता फोनही करतो. गुगलने ऑक्टोबर 2023 मध्ये पिक्सेल 8 सोबत 'बेस्ट टेक' आणलं. ते काही सेकंदांच्या अंतराने काढलेल्या फोटोंमधून चेहरे निवडतं. त्या सेकंदांत उजेड बदलत नाही, त्यामुळे डोळे सहज जुळतात. जुन्या किंवा दुसऱ्या जागच्या फोटोतले डोळे आणले, की खरी अडचण सुरू होते.

आधी पांढरा भाग बघा

डोळ्याचा पांढरा भाग कधीच कागदासारखा पांढरा नसतो. खोलीत जसा उजेड, तसा त्याचा रंग. समजा, मूळ फोटो हॉलमध्ये पिवळ्या दिव्याखाली काढलाय आणि डोळे खिडकीजवळच्या फोटोतले आहेत. ते निळसर दिसतील आणि चेहऱ्यावर चिकटवल्यासारखे वाटतील. अशा वेळी एडिटर त्याच फोटोतल्या शेजारच्या माणसाच्या डोळ्यांचा रंग मोजतो. तिथे लाल 200, हिरवा 175, निळा 145 असेल आणि आणलेल्या डोळ्यांत 205, 208, 215, तर मुख्यतः निळा आणि थोडा हिरवा उतरवावा लागतो. वरच्या पापणीची सावलीही ठेवावी लागते. ती पुसली, की डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात.

बाहुली किती मोठी?

बुबुळ साधारण 12 मिलिमीटरचं असतं आणि ते बदलत नाही. मधली काळी बाहुली मात्र उन्हात 2 ते 4 मिलिमीटरपर्यंत आकसते आणि अंधारात 4 ते 8 मिलिमीटरपर्यंत पसरते. म्हणून अंधुक हॉलमधल्या चेहऱ्यावर उन्हातले डोळे बसवले, तर ठिपक्याएवढी बाहुली विचित्र दिसते. एडिटर बुबुळ तसंच ठेवून फक्त बाहुली मोठी करतो.

इथे एक फसगत होऊ शकते. अंधारात फ्लॅश मारला, तर चेहरा उजळतो, पण बाहुली आकसायला सेकंदाचा पाचवा भाग तरी लागतो आणि फ्लॅश त्याआधीच विझतो. त्यामुळे उजळ चेहऱ्यावर मोठी बाहुली दिसली म्हणून लगेच 'फेक' म्हणता येत नाही.

बुबुळाचा रंग

घाऱ्या किंवा निळ्या डोळ्यांत बाहुलीची कड स्पष्ट दिसते, त्यामुळे चूक लगेच पकडली जाते. गडद तपकिरी डोळ्यांत बाहुली आणि बुबुळ एकमेकांत मिसळतात. आपल्याकडच्या बहुतेक फोटोंत म्हणूनच बुबुळापेक्षा पांढरा भाग जास्त बोलका ठरतो.

मग ओळखायचं कसं?

फोटो झूम करा आणि एकाच उजेडात उभ्या असलेल्या दोघांचे डोळे शेजारी ठेवून बघा. पांढऱ्या भागाची छटा वेगळी असेल किंवा दिव्याची चमक वेगळ्या बाजूला असेल, तर शंका घ्यायला जागा आहे. पण तो पुरावा नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या, लहान झालेल्या फोटोत हे बारकावे उरतच नाहीत. अशा वेळी मूळ फाइल मागणं हाच पक्का मार्ग.