घसाऱ्याचं तिसरं वर्ष

नांदेड-लातूरकडच्या अकरावी कॉमर्सच्या पेपरांत घसाऱ्याचा तक्ता आला की मी आधी दुसरं वर्ष बघतो. पहिल्या वर्षी दोन्ही पद्धतींचा आकडा सारखाच येतो, त्यावरून काही कळत नाही.

समजा, यंत्र १,००,००० रुपयांचं, दर १० टक्के, घटत्या शिल्लक पद्धतीने. पोराने १०,०००, मग ९,००० बरोबर लिहिले आणि तिसऱ्या वर्षी मूळ किमतीवर पुन्हा १०,००० लावले. शिल्लक ७१,०००, हवी होती ७२,९००. (सरळ रेषेने ७०,००० आली असती, म्हणजे हे उत्तर कुठल्याच पद्धतीचं नाही!) तिसऱ्या वर्षाअखेर यंत्र ७२,००० ला विकलं. तोटा ९०० चा, याचा नफा १,०००.

इथे शून्य देणं मला पटत नाही. चूक एकच, गुणही एकदाच कापावा. त्याच्या ७१,००० वरून नफा बरोबरच आहे. दुसऱ्या वर्षापासूनच १०,००० असतील, तर मात्र मी हात आखडता घेतो.