सर्वांत स्वस्त टेंडर : सगळ्याच मालाला एकच माप नको



वार्षिक सभेत एक प्रश्न हमखास येतो. "बारदानाचं सर्वांत कमी दराचं टेंडर सोडून दुसऱ्याचं का घेतलं?" प्रश्न रास्त आहे. पैसा आपला आहे आणि विचारायलाच हवं. आम्ही शेतकी खात्यातले, खरेदीशी आमचा थेट संबंध नाही. पण मागे चंद्रपूर-गडचिरोलीकडे जाणं झालं, तेव्हा मूल तालुक्यात एका भातगिरणीची पोत्यांची खरेदी पाहणाऱ्या गृहस्थांशी गप्पा झाल्या. तेव्हापासून आमचं मत असं झालं आहे की, सगळ्याच मालाला कमी दराचं एकच माप लावणं ही खर्चाची बचत नव्हे.

त्या गृहस्थांनी वहीच्या पानावर चार घरांची चौकट काढली. पीटर क्राल्जिक नावाच्या तज्ज्ञाने १९८३ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकात ती मांडली होती. एका अंगाला, वर्षाला या वस्तूवर पैसा किती जातो. दुसऱ्या अंगाला, ही वस्तू वेळेवर न मिळण्याचा धोका किती. आपण हिशेब करतो तो पहिल्या अंगाचाच. दुसरं अंग कुणी मांडत नाही, कारण ते बिलावर छापलेलं नसतं.

आता त्यांचाच माल घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीचे आहेत, बाजारभाव म्हणून धरू नयेत. पंचवीस किलोची छापील प्लास्टिक विणीची पोती वर्षाला ८०,००० लागतात. १८ रुपये धरले तर १४ लाख ४० हजार झाले. पैसा मोठा, पण अशी पोती विणणारे कारखाने बरेच. एकाने नाही म्हटलं तर आठ-दहा दिवसांत दुसरा देतो. इथे जोर आपला. इथे टेंडर काढावं, घासाघीस करावी, वर्षाचा करार करावा आणि दर प्लास्टिकच्या दाण्याच्या भावाशी बांधून घ्यावा. नाहीतर दाणा महागला की पुरवठादार पोत्याचं वजन हळूच कमी करतो. म्हणून ते दर गाडीतून दहा पोती काढून तराजूवर टाकतात.

शिवणीचा धागा चाळीस हजारांचा. पैसा थोडा, धोकाही थोडा, तालुक्याच्या बाजारात मिळतो. त्याला तीन-तीन दरपत्रकं मागवण्यात बाबूचा जो वेळ जातो, तो धाग्याहून महाग पडतो. हंगामाचा धागा एकदाच आणून ठेवायचा आणि विसरायचं.

खरी गंमत तिसऱ्या घराची. पाच किलोच्या चकचकीत, चित्राच्या पिशव्या. वर्षाला अडीच लाखांचं काम, म्हणून ते त्याला किरकोळ समजत होते. पण त्या पिशव्यांची छपाई कोरीव लोखंडी रुळांवर होते, दर रंगाला एक रूळ. सहा रंगांचं चित्र म्हणजे सहा रूळ, आणि ते सगळे एकाच छापखान्यात. ऐन दिवाळीच्या तोंडावर छापखान्याने एका मोठ्या गिऱ्हाइकाचं काम आधी घेतलं आणि यांच्या पिशव्या तीन आठवडे लांबल्या. दुसरीकडे जावं तर नवे रूळ कोरायला पुन्हा काही आठवडे, शिवाय खर्च वेगळा. तांदूळ गोदामात, पिशवी नाही, आणि दुकानदाराने दुसऱ्याचा माल लावला. अडीच लाखांच्या वस्तूने त्याच्या कितीतरी पट धंदा अडवला. ही अडणीची वस्तू. इथे दर पाडून काहीच मिळत नाही, उलट छापखाना आपलं काम आणखी मागे टाकतो. त्यांनी पुढच्या वर्षी तीन गोष्टी केल्या. रूळ आपल्या मालकीचे आहेत, असं बिलावर लिहून घेतलं. दोन महिन्यांच्या पिशव्या आधीच भरून ठेवल्या. आणि एका लहान पिशवीचं चित्र सहावरून तीन रंगांवर आणून ते दुसऱ्या छापखान्याला दिलं. दर थोडा जास्त पडला. तो जास्तीचा दर म्हणजे विम्याचा हप्ता होय.

धोका मोजायचा कसा, हे आम्ही त्यांना विचारलं. ते म्हणाले, "साहेब, दोनच आकडे बघतो. हा उद्या आला नाही तर दुसऱ्याकडून माल यायला किती दिवस लागतील, आणि माझ्या गोदामात किती दिवसांचा माल आहे. पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा झाला की झोप उडते."

घर कायमचं नसतं, हेही त्याच जिल्ह्यांत दिसतं. बल्लारपूरची कागदगिरणी १९४५ सालच्या कंपनीची. तिला बांबू वर्षानुवर्षं वनखात्याच्या वाटेने येत असे, म्हणजे विकणारा एकच. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला वाहतूक परवान्याचं पुस्तक स्वतःच्या हाती मिळालं. आपला बांबू गाव आपणच विकू लागलं. गावाच्या दृष्टीने हा मोठा न्याय झाला. पण बांबू घेणाऱ्याच्या चौकटीत तोच बांबू दुसऱ्या घरात गेला, कारण आता कागद एका टेबलावर नव्हे तर गावोगावच्या सभेत ठरू लागला. गावाशी बोलायला शिकणं ही खरेदीची कला झाली. म्हणून चौकट दरवर्षी नव्याने भरावी.

आता आपलं घर. चौथं घर मोठा पैसा आणि मोठा धोका यांचं, आणि त्यात आमच्या मते आपलं तागाचं पोतं बसतं. १९८७ च्या ताग-पॅकिंग कायद्याखाली धान्याला शंभर टक्के आणि साखरेला वीस टक्के ताग सक्तीचा. २०२३-२४ च्या ताग वर्षालाही केंद्राने हेच प्रमाण ठेवलं. समजा पाच लाख क्विंटल साखर झाली. पन्नास किलोची दहा लाख पोती, त्यांतली दोन लाख तागाची. प्लास्टिकचं पोतं वीस आणि तागाचं पासष्ट रुपये धरलं, तर आठ लाख प्लास्टिकच्या पोत्यांचे एक कोटी साठ लाख आणि दोन लाख तागाच्या पोत्यांचे एक कोटी तीस लाख. पोती पाचवा हिस्सा, पण पैसा जवळजवळ निम्मा!

धोका असा की ताग गिरण्या बहुतेक बंगालमध्ये हुगळीकाठी, आणि आपला हंगाम सुरू होतो त्याच सुमाराला सरकारची भातखरेदी सुरू होते. मग ती पोती आधी धान्याकडे वळतात. २०२० च्या टाळेबंदीत गिरण्या बंद पडल्या आणि धान्यासाठी सरकारला प्लास्टिकच्या पोत्यांना मुभा द्यावी लागली. त्या वेळी कमी दराच्या टेंडरवाल्याकडे कागद होता, पोतं नव्हतं.

प्लास्टिकचं पोतं जिथं कमी दरात मिळेल तिथं घ्या, आमचा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. तागाच्या बाबतीत मात्र संचालक मंडळाने दोन गिरण्यांशी हंगामाआधीच बोलून मागणीचं महिनावार वेळापत्रक द्यावं, आणि निदान निम्मी पोती गळीत सुरू होण्याआधी गोदामात असावीत. गोदामाला जागा लागते, पैसा अडकतो, व्याज पडतं, हे खरं. त्याचा हिशेब सभेत मांडायला हवा; आणि दर थोडा जास्त दिसला तर कोणतं घर ते आधी विचारावं. मात्र 'अडणीचा माल' हे नाव घेऊन कुणी आपल्या ओळखीच्या पुरवठादाराला वर्षानुवर्षं पोसू लागला, तर तिथेही सभासदांनी वर सांगितलेले दोन आकडे मागावेत, दिवसांत आणि लेखी.