एका प्रकरणाची झेरॉक्स मागताना

तुम्हाला एका पुस्तकातलं एकच प्रकरण हवं आहे. पुस्तक दुसऱ्या गावच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. तुम्ही तिथले विद्यार्थी नाही, त्यामुळे ते घरी मिळणार नाही. एवढ्यासाठी दिवसभराचा प्रवास परवडत नाही. अशा वेळी ग्रंथपालांना पत्र लिहा. पण ते कसं लिहायचं आणि किती मागायचं, हे आधी समजून घ्या.

पुष्कळ पत्रं अशी असतात: ‘अमुक विषयावर आपल्याकडे जे काही असेल त्याच्या झेरॉक्स पाठवाव्यात.’ अशा पत्राला उत्तर मिळत नाही, आणि त्यात ग्रंथालयाचा दोष नसतो. शोध घ्यायला तिथे मोकळं माणूस नसतं. शिवाय नेमकं काय हवं हे कळल्याशिवाय ते देता येईल की नाही, हेही ठरवता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्ही अंबाजोगाईला राहता. एम.ए.साठी मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या चालीवर लिहिता आहात. इरावती कर्वे यांच्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या पुस्तकात भारताचे विभाग पाडून नातेसंबंधांचा विचार केला आहे. महाराष्ट्र त्यातल्या मध्य विभागात येतो. तुम्हाला तेवढंच प्रकरण हवं आहे.

आधी घरी करायची कामं

पहिलं, पुस्तक त्या ग्रंथालयात आहे का ते पाहा. बऱ्याच कॉलेजांची पुस्तकांची यादी आता इंटरनेटवर दिसते. पुस्तकाच्या नोंदीत दाखल क्रमांक आणि वर्गांक असतो. दोन्ही उतरवून घ्या. दाखल क्रमांक म्हणजे त्या एका प्रतीचा नंबर. तो दिला की कपाटातून नेमकी तीच प्रत निघते.

दुसरं, आवृत्ती पाहा. हे पुस्तक १९५३ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं काढलं. पुढची आवृत्ती १९६५ साली मुंबईच्या एशिया पब्लिशिंग हाउसनं काढली. आवृत्ती बदलली की पानांचे आकडे बदलू शकतात. तुम्ही एका आवृत्तीची पानं लिहिली आणि ग्रंथालयात दुसरी आवृत्ती असली, तर भलतीच पानं हाती येतील. मग तुमचे पैसेही गेले आणि तिथल्या माणसाचा वेळही.

पानांचे आकडे माहीत नसतील तर अंदाजानं लिहू नका. प्रकरणाचं नाव लिहा. अनुक्रमणिकेच्या पानाचा फोटो आधी पाठवता येईल का, असं विचारा. एका पानाला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

तिसरं, प्रकरणासोबत आणखी काय लागेल ते ठरवा. काही पुस्तकांत प्रकरणाच्या टिपा पुस्तकाच्या शेवटी असतात. त्या मागितल्या नाहीत तर प्रकरण येतं आणि टिपा तिकडेच राहतात. पुस्तकाचं नावाचं पान आणि त्यामागचं प्रकाशनाचं पान हेही मागा. उद्या संदर्भ देताना लेखक, प्रकाशक आणि साल तिथूनच घ्यायचं असतं.

पत्र असं लिहा

मा. ग्रंथपाल,
(महाविद्यालयाचे नाव व पत्ता)

विषय : पुस्तकातील एका प्रकरणाची छायाप्रत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

मी (महाविद्यालयाचे नाव) येथे एम.ए.च्या दुसऱ्या वर्षात समाजशास्त्र शिकत आहे. माझ्या प्रबंधिकेसाठी आपल्या संग्रहातील खालील पुस्तकातील एक प्रकरण हवे आहे. हे पुस्तक आमच्या ग्रंथालयात नाही.

लेखक : इरावती कर्वे
पुस्तक : किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया
प्रकाशक व वर्ष : डेक्कन कॉलेज, पुणे, १९५३
दाखल क्रमांक व वर्गांक : ____
हवे असलेले प्रकरण : मध्य विभागाविषयीचे, पृष्ठे ____ ते ____
सोबत : नावाचे पान, त्यामागील पान, या प्रकरणाच्या टिपा

ही एकच प्रत मी फक्त स्वतःच्या अभ्यासासाठी वापरेन. तिच्या आणखी प्रती काढणार नाही, विकणार नाही किंवा इतरत्र प्रसारित करणार नाही. या पुस्तकातील कोणताही भाग मी यापूर्वी आपल्याकडून घेतलेला नाही.

छायाप्रतीचा व टपालाचा खर्च कळवल्यास आगाऊ भरेन. नियमानुसार देणे शक्य नसल्यास तसे कळवावे, ही विनंती.

सोबत ओळखपत्राची प्रत व आमच्या ग्रंथपालांचे शिफारसपत्र जोडले आहे.

आपली/आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, दूरध्वनी, दिनांक)

एवढं पुरे. स्वतःच्या संशोधनाची लांबलचक ओळख करून देऊ नका. शिफारसपत्राला मात्र आळस करू नका. तुम्हाला न ओळखणारा ग्रंथपाल तुमच्या ग्रंथपालाच्या सहीवर विश्वास ठेवतो.

एक गोष्ट विसरू नका. संपादित पुस्तकात प्रकरणं वेगवेगळ्या लेखकांची असतात. तिथे प्रकरणाचा लेखक आणि पुस्तकाचा संपादक, दोन्ही नावं लिहा.

किती मागायचं?

बऱ्याच ग्रंथालयांचा शिरस्ता सोपा आहे. एका माणसाला, एका पुस्तकातलं एक प्रकरण, एकदा. काही ठिकाणी पुस्तकाच्या दहा टक्के पानांची मर्यादा सांगतात. हे आकडे ग्रंथालयांनी आपल्या सोयीसाठी ठरवलेले आहेत. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात असा पानांचा किंवा टक्क्यांचा आकडा नाही. कलम ५२ प्रमाणे स्वतःच्या वापरासाठी, त्यात संशोधनही आलं, रास्त प्रमाणात वापर चालतो. रास्त म्हणजे किती, हे पुस्तक आणि काम पाहून ठरतं.

म्हणून ‘कायद्यात आकडा नाही, मग सगळं पुस्तक द्या’ असं म्हणू नका. आणि ‘दहा टक्के हा माझा हक्क आहे’ असंही म्हणू नका. ग्रंथालयाचा नियम तिथे पाळावाच लागतो.

याच कायद्यात तीन प्रतींचा उल्लेख आहे. त्यावरून काही जण तीन प्रती मागतात. ती तरतूद वाचकासाठी नाही. भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाच्या जास्तीत जास्त तीन प्रती सार्वजनिक, बिनव्यापारी ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी करता येतात. तुमच्या पत्राशी तिचा संबंध नाही.

दिल्ली विद्यापीठाच्या खटल्याचाही दाखला दिला जातो. तिथल्या झेरॉक्स दुकानात अभ्यासक्रमातल्या उताऱ्यांचे संच मिळत. मोठ्या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयानं शिकवण्यापुरते असे संच चालतील, असा निकाल दिला. तो प्रश्न वर्गात शिकवण्याचा होता. तुमचं पत्र वैयक्तिक अभ्यासाचं आहे. अख्खं पुस्तक मागायला तो निकाल पुढे करू नका.

आणखी एक मोह टाळा. या महिन्यात एक प्रकरण, पुढच्या महिन्यात दुसरं, मग मैत्रिणीच्या नावानं तिसरं. ग्रंथालयात अर्जांची नोंद असते. हे लक्षात आलं की तुमचा पुढचा खरा अर्जही अडतो. दोन-तीन प्रकरणं खरोखर लागणार असतील, तर पुस्तकच हवं आहे असं समजा. विकत मिळतं का पाहा. नाहीतर तुमच्या ग्रंथालयामार्फत ते वाचायला मागवता येतं का, ते विचारा. डेलनेटसारख्या जाळ्यात असलेली ग्रंथालयं एकमेकांकडून पुस्तकं आणि लेख मागवतात. ती मागणी तुमच्या ग्रंथपालांनीच करायची असते.

जुनं पुस्तक असेल तर

लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं पुस्तकावर हक्क राहतो. मोजणी पुढच्या वर्षाच्या आरंभापासून होते. इरावतीबाई १९७० साली गेल्या. म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०३० अखेरपर्यंत आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली गेले, त्यांच्या लेखनावरचा हक्क केव्हाच संपला. पण राजवाड्यांच्या पुस्तकाला कुणी नवी प्रस्तावना जोडली असेल किंवा अनुवाद केला असेल, तर त्या भागाचा हक्क वेगळा मोजतात.

हक्क संपला तरी प्रत मिळेलच असं नाही. जुना कागद पिवळा पडून तडकतो. पुस्तक यंत्रावर पालथं दाबलं की शिवण सुटते आणि पानं निखळतात. अशा पुस्तकाला ग्रंथपाल नाही म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. मग विचारा, ‘पुस्तक अर्धवट उघडं ठेवून वरून फोटो काढता येतील का?’ कधी कधी याला होकार मिळतो.

नकार आला तर

कारण विचारा, वाद घालू नका. बाहेरच्या माणसांना प्रत देत नाही, असं असेल तर तुमच्या ग्रंथपालांमार्फत मागणी करा. पुस्तक बाजारात आहे म्हणून नकार असेल तर ते विकत घ्या. तेही जमत नसेल तर एक दिवस वाचन कक्षात बसण्याची परवानगी मागा आणि टिपणं काढा.

प्रत हाती आल्यावर

त्याच दिवशी पानं मोजा. एखादं पान सुटलं आहे का, शिवणीकडचे शब्द कापले गेले आहेत का, तळटीपा वाचता येतात का, ते पाहा. चूक असेल तर आठवड्याच्या आत पान क्रमांकासह कळवा. पुस्तक परत कपाटात गेलं आणि सहा महिने उलटले की कुणाला आठवत नाही.

प्रत स्कॅन होऊन आली असेल तर ती व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका. तुम्ही सही करून दिलेला शब्द तिथेच मोडतो. मैत्रिणीला तेच प्रकरण हवं असेल तर तिला पुस्तकाचं नाव, दाखल क्रमांक आणि पानं द्या. तिचं पत्र तिला लिहू द्या.