डागाळलेले सफरचंद आणि चकचकीत सफरचंद

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. असरची नमाज उरकून मी इफ्तारच्या तयारीला लागले होते, तेवढ्यात धाकट्या नणंदेचा फोन आला. हातगाडीवरून तिने तीन किलो सफरचंदे स्वस्तात आणली होती. घरी आल्यावर पाहिले तर बहुतेकांवर डाग. त्यातच कुणीतरी मोबाइलवर संदेश पाठवला होता की असे डाग म्हणजे औषधाची सुई टोचल्याच्या खुणा, ही फळे मुलांना देऊ नका.

"भाभी, सगळी फेकून देऊ का? फक्त पाच चांगली आहेत. ती बाळाला उकडून द्यायला बाजूला ठेवलीत."

तिचे बाळ अकरा महिन्यांचे आहे. मी म्हटले, "फेकू नकोस आणि बाळालाही अजून देऊ नकोस. आधी मला फोटो पाठव. एक अख्ख्या फळाचा, मग सुरीने देठापासून खालपर्यंत मधोमध चिरून लगेच दुसरा. खिडकीजवळ ठेवून काढ, पिवळ्या दिव्याखाली सगळेच तपकिरी दिसते. आणि बोटाने दाबून, वास घेऊन काय वाटले ते लिही. ते फोटोत येत नाही."

एकूण सतरा फळे होती. त्यांची वर्गवारी करता करता जे समोर आले ते आपल्या सगळ्यांच्याच स्वयंपाकघरात उपयोगी पडेल, म्हणून या महिन्याचे पान त्यालाच देते.

पहिल्या फोटोतल्या सात फळांवर मसूर डाळीएवढे, किंचित खोल गेलेले तपकिरी ठिपके होते. देठाकडे जवळजवळ नव्हतेच, खालच्या टोकाकडे, जिथे वाळलेल्या फुलाचा शेंडा असतो, तिथे गर्दी. चिरल्यावर सालीच्या लगेच खाली बुचासारखे कोरडे, तपकिरी तुकडे दिसले. त्याखालचा गर पांढराशुभ्र. याला बागायतदार बिटर पिट म्हणतात, म्हणजे कडवट खड्डा. नाव बरोबर आहे, कारण तो तुकडा चावला तर जिभेला कडू लागतो.

हा रोग नाही, कीड नाही आणि सुईची खूण तर नाहीच. ही फळातली कॅल्शियमची कमतरता आहे. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वर चढते. पाने उन्हात भरपूर पाणी बाहेर टाकतात, म्हणून बराचसा ओघ पानांकडे जातो आणि फळाच्या वाट्याला थोडेच येते. फळ भराभर मोठे झाले की ते थोडके कॅल्शियम अजून पातळ पसरते. मग सालीखालच्या काही पेशींची आवरणे कमकुवत होऊन त्या मरतात, वाळतात आणि तिथे खड्डा पडतो. म्हणूनच ज्या झाडावर त्या वर्षी फळे कमी आणि मोठी असतात, तिथे हा दोष जास्त दिसतो. मोठ्ठे दाणेदार सफरचंद म्हणजे निर्दोष सफरचंद, असे समजायला नको. पुष्कळदा तोडणीच्या वेळी फळ स्वच्छ असते आणि शीतगृहात महिना-दोन महिने राहिल्यावर ठिपके उमटतात. त्यामुळे विकणाऱ्याने फसवले असेही दर वेळी नसते.

सुई किंवा अळी ओळखायची तर साल पाहावी. बिटर पिटमध्ये ठिपक्यावरची साल अखंड असते, फक्त खाली बसलेली. अळीने पोखरले असेल तर साल फुटून छिद्र दिसते, आत बोगदा जातो आणि त्यात भुश्शासारखी विष्ठा असते. नणंदेच्या सातही फळांत साल अखंड होती. जाडसर साल काढून कडू तुकडे कोरून टाकले की बाकीचे फळ निर्धास्त खावे. कोरले नाही तरी अपाय नाही, फक्त फ्रूट चाटची चव बिघडेल.

दुसऱ्या फोटोत पाच फळे होती. त्यांच्यावरचे डाग खोल नव्हते, उलट वर आलेले, खरखरीत, काळपट तपकिरी, जखमेवरच्या खपलीसारखे. हा स्कॅब. हा मात्र खरा रोग आहे. एक बुरशी तो घडवते. गळून पडलेल्या पानांत ती हिवाळा काढते, वसंतात पाऊस पडला की तिचे बीजाणू उडतात आणि पाने, कोवळी फळे काही तास सलग ओली राहिली की त्यांवर रुजतात. काश्मीरमध्ये १९७३ साली या स्कॅबची अशी साथ आली होती की बागाच्या बागांचा माल वाया गेला. तेव्हापासून तिथले बागायतदार वसंताच्या पावसाला धास्तावलेले असतात, कारण स्कॅबचे फळ खायला चालत असले तरी बाजारात त्याला भाव मिळत नाही. डागी माल हातगाडीवर स्वस्त का मिळतो, त्याचे उत्तर इथे आहे.

खायला चालते असे मी म्हणते, कारण ही बुरशी सफरचंदाच्या झाडावर जगणारी आहे, माणसाच्या पोटात ती काही करत नाही, आणि तिची मजल सालीपुरतीच असते. चिरलेल्या फोटोत चार फळांचा गर खपलीच्या अगदी खालपर्यंत पांढरा होता. साल काढली की झाले.

पाचव्या फळात मात्र खपलीला भेग पडली होती. अख्ख्या फळाच्या फोटोत ती केसाएवढी दिसत होती. नणंदेने लिहिले होते, "इथे दाबले तर बोट आत जाते." चिरल्यावर भेगेपासून गाभ्याच्या दिशेने ओला, मऊ, तपकिरी पट्टा गेला होता. हे स्कॅबचे काम नव्हे. खपली ताणून फुटली आणि त्या फटीतून कुजवणारी दुसरी बुरशी आत शिरली. कोरडा डाग कापून टाकता येतो, ओली कुज फेकावी लागते. हे पहिले फळ बाद झाले.

आता उरली ती बाळासाठी राखलेली पाच लालबुंद, चकचकीत फळे. खरे सांगायचे तर मला काळजी यांचीच होती. काश्मीरची तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. म्हणजे आत्ता बाजारात आलेले सफरचंद चार-पाच महिने शीतगृहात राहून आलेले असते. काही शीतगृहांत थंडीबरोबर हवाही बदलतात. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, तिथे तो दोन-तीन टक्क्यांवर आणतात, म्हणजे फळाचा श्वास मंदावतो आणि ते टिकते. पण फार थंडी झाली, कार्बन डायऑक्साइड साचला किंवा फळ जास्तच पिकून आत गेले, तर गर आतल्या आत तपकिरी पडतो. बाहेरून काहीच कळत नाही.

तीन फळे आतून उत्तम निघाली. चौथ्यात गाभ्याभोवती तपकिरी कडे होते. चिरल्यावर हवेने फोडी काळ्या पडतात तसे हे नव्हते. ते काळेपण काही मिनिटांनी येते आणि कापलेल्या पृष्ठभागावरच राहते. हे सुरी फिरताक्षणी दिसले आणि फोड आणखी पातळ कापली तरी आत तसेच होते. म्हणूनच फोटो लगेच काढायला सांगितला होता. गर दाबल्यावर टणक होता, आंबूस वास नव्हता, बियांचा कप्पा स्वच्छ होता. असे फळ अपायकारक नसते, फक्त बेचव लागते. तपकिरी भाग काढून बाकीचा साखर-दालचिनी घालून शिजवला तर कुणाला कळणारही नाही. तोच गर भुसभुशीत, पाणचट झाला असता किंवा दारूसारखा वास आला असता, तर फेका म्हटले असते.

पाचवे फळ सर्वांत सुंदर होते. चिरल्यावर बियांच्या कप्प्यात करडा-हिरवट कापूस भरलेला आणि भोवतालचा गर ओलसर तपकिरी. लाल डेलिशस जातीच्या फळात खालच्या टोकापासून गाभ्यापर्यंत जाणारी बारीक नळी पुष्कळदा उघडीच राहते. त्या वाटेने बुरशी फुलोऱ्यापासूनच आत जाऊन बसते. साल शेवटपर्यंत चकचकीत राहते.

सफरचंद कुजवणाऱ्या निळ्या-हिरव्या बुरशीपैकी एक जात पॅट्युलिन नावाचे विष तयार करते. ते कुजलेल्या भागाच्या आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या गरातही थोडे पसरते आणि उकळल्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. आपल्या देशात सफरचंदाच्या रसात त्याची मर्यादा किलोमागे ५० मायक्रोग्रॅम ठरवलेली आहे, म्हणजे एका ग्रॅमचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक. एखाद्या मोठ्या माणसाने चुकून एक घास खाल्ला तर घाबरून जायचे कारण नाही. पण अकरा महिन्यांच्या बाळासाठी अख्खे फळ उकडून कुस्करले, तर आतली बुरशी दिसणारही नाही आणि शिजवल्याने सुटकाही होणार नाही. कोणती बुरशी विषाची आणि कोणती नाही हे घरी डोळ्यांनी ओळखता येत नाही, म्हणून गाभ्यात कापूस दिसला की पूर्ण फळ बाद. मिक्सरमध्ये अख्खे सफरचंद टाकून रस काढणाऱ्यांनीही आधी ते चिरून गाभा पाहावा. कुजलेले फळ मुरब्ब्यात घालून खपवू नये.

नणंद काही वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे जी फेकणार होते ती खाण्याची निघाली, आणि जे बाळाला देणार होते तेच फेकायचं?"

हिशोब तसाच निघाला. सतरा फळांपैकी दोन गेली, पंधरा राहिली. आतून स्वच्छ निघालेल्या तीन फळांतले एक साल काढून बाळाला मिळाले, तपकिरी कड्याचे शिजले आणि खड्ड्यांची व खपल्यांची अकरा फळे सोलून फ्रूट चाटमध्ये गेली. सूरह अल-आराफमध्ये खाण्यापिण्याच्या परवानगीसोबतच इसराफची मनाई आली आहे, हे आपण मुलांना शिकवतो. डागाच्या भीतीने बारा फळे उकिरड्यावर गेली असती, तर तोही इसराफच झाला असता.

त्या संध्याकाळी मगरिबनंतर नणंदेने रिकाम्या काचेच्या भांड्याचा फोटो पाठवला. खाली लिहिले होते, "भाभी, चाट संपलं. आता हातगाडीवाल्याशी भांडायचं राहिलं."

मी लिहिले, "भांडू नकोस. उद्याही त्याच्याकडूनच घे. फक्त घरी आल्यावर सुरी आधी चकचकीत फळावर चालव."