दुधाचं बिल: नुसता आकडा पाठवू नका, खाड्याच्या तारखा पाठवा



भात-नागलीच्या नोंदी नेहमीच टाकतो, आज दुधाच्या हिशेबावर लिहितोय. जव्हार आणि मोखाड्यात आपल्यातले बरेच जण एक-दोन म्हशींचं दूध शिक्षकांच्या, दवाखान्यातल्या आणि कचेरीतल्या लोकांच्या घरी रतिबाने घालतात. महिनाअखेरीला बिल जातं व्हॉट्सॲपवर. आणि ते बहुतेक वेळा असं असतं:

"मॅडम ऑगस्टचं दूध बिल २८ दिवस १८९२ रु."

माझं स्पष्ट मत आहे की असा मेसेज हिशेब नाही, नुसती मागणी आहे. त्यातला आकडा अगदी बरोबर असला तरी समोरच्याला तो तपासता येत नाही. आणि ज्याला तपासता येत नाही तो भांडत नाही बरं का. तो पैसे देतो, आणि दोन महिन्यांनी पिशवीचं दूध सुरू करतो. आपल्याला वाटतं, मॅडमची बदली झाली असेल.

हाच मेसेज घेऊन बघू. घरमालकीण काय करणार? २८ दिवसांना भाव लावणार. महिन्याच्या सुरुवातीला लिटरला ६० रुपये होते, मग २८ गुणिले ६० म्हणजे १६८०. १६ तारखेपासून भाव ६४ झाला, त्याने केलं तर १७९२. बिल १८९२ चं. कुठल्याच भावाने जमत नाही. तिला वाटणार, शंभर-दोनशे वर लावले. प्रत्यक्षात बिल रुपयाने चुकलेलं नाही. त्यात चार गोष्टी दडल्यात: मधेच बदललेला भाव, एक दिवस जादा दूध, एक दिवस कमी दूध आणि जुलैची बाकी. चारही एका आकड्यात कोंबल्या की खरं बिलही खोटं वाटतं.

आता तेच बिल उलगडून, ऑगस्ट २०२५ चं:

दूध बिल – ऑगस्ट २०२५ (रोज १ लिटर)
खाडे: ९, १० (तुम्ही गावी), १९ (आमचा खाडा)
२२ ता. अर्धा लिटर, २७ ता. २ लिटर (गणपती)
१ ते १५: १३ लिटर × ६० = ७८०
१६ ते ३१: १५.५ लिटर × ६४ = ९९२
ऑगस्टचे = १७७२
जुलै बाकी = १२०
एकूण = १८९२ रु.

आठ-नऊ ओळी झाल्या, पण आता कॅलेंडर समोर धरून कोणीही तपासू शकतो. पहिल्या पंधरवड्यातले १५ दिवस, त्यातून दोन खाडे गेले, राहिले १३ लिटर. दुसऱ्या भागात १६ दिवस, एक खाडा गेला म्हणजे १५ लिटर. गणपतीचं एक लिटर वाढलं, २२ तारखेचं अर्धं घटलं, म्हणून साडेपंधरा.

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. एक, गुणाकार दिवसांचा नाही, लिटरचा करायचा. दूध २८ दिवस गेलं हे खरं, पण लिटर साडेअठ्ठावीस झाले. जादा-कमी झालेल्या महिन्यात "दिवस गुणिले भाव" कधीच जमणार नाही. दुसरं, दूध दिलेले दिवस मोजून सांगण्यापेक्षा न दिलेल्या दिवसांच्या तारखा सांगा. "२८ दिवस" हे कोणाला आठवून पडताळता येत नाही. पण "९ आणि १० ला तुम्ही गावी" म्हटलं की राखीपौर्णिमेला माहेरी गेलो होतो हे लगेच आठवतं. चूक असेल तर तीही तारखेवरच सापडते: "१० ला संध्याकाळी आम्ही परत आलो होतो, ११ लाही दूध नव्हतं." वाद दोन मिनिटांत मिटतो.

खाडा कोणाचा हेही लिहा. दुधाला दोन्हीचे पैसे लागत नाहीत, पण पावसात गाडी आली नाही म्हणून झालेला खाडा आपणच लिहिलेला दिसला की बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

डब्यावाल्या ताईंना तर हे जास्तच लागू आहे, कारण तिथे भाव महिन्याचा ठरलेला असतो. समजा महिना २६०० रु., रविवार बंद. ऑगस्टमध्ये पाच रविवार होते, म्हणजे डबे २६. गिऱ्हाईक चार दिवस सुट्टीवर. २६ ने भागलं तर दिवसाला १०० प्रमाणे ४०० वजा होतात. ३१ ने भागलं तर साधारण ३३५. दोघंही आपापल्या जागी खरे, आणि भांडण ६५ रुपयांचं. म्हणून मेसेजमध्ये "एका डब्याचे १०० रु." ही ओळ हवीच. आणि सुट्टी किती वाजेपर्यंत कळवली तर वजा होणार, हे डबा लावतानाच लिहून पाठवावं. भाकरी थापल्यावर आलेला "आज नको" वजा करायचा की नाही, हे बिलाच्या दिवशी ठरवण्यात अर्थ नाही.

आता अडचण. बऱ्याच घरात दूध घालायला मुलगा जातो आणि बिल लिहिते आई. खाडा मुलाला माहीत, वहीत नाही. म्हणून खाड्याच्या दिवशीच गिऱ्हाइकाला एक ओळ पाठवायची, म्हणजे नोंद दोन्ही फोनवर राहते. फक्त "आज दूध नाही" असं लिहू नका. मोखाड्याकडच्या पाड्यांवर रेंज येते-जाते. सकाळी लिहिलेला मेसेज दुसऱ्या दिवशी पोचला की "आज" म्हणजे भलताच दिवस होतो. "१९ ऑगस्ट, दूध नाही" असंच लिहा.

दुसरी गडबड फॉरवर्डची. एका घरचं बिल दुसऱ्याला पाठवून आकडे बदलायला गेलं की पहिल्याची बाकी किंवा खाडे त्यात राहून जातात. त्यापेक्षा आकडे न भरलेला कोरा मेसेज स्वतःच्याच नंबरवर ठेवा आणि दर वेळी तिथून कॉपी करा. रकाने पाडून तक्ता करू नका. लहान फोनवर ओळी मोडतात आणि भावाखाली लिटर येतात. एका ओळीत एकच हिशेब ठेवा.

काही जण म्हणतील, पंधरा घरांना एवढं लिहायला वेळ कुठाय? पंधरातल्या दहा घरी महिन्यात एखाद-दुसरा खाडाच असतो, तिथे दोन-तीन आकडेच बदलतात. आणि या मेसेजने सगळं भागतं असंही नाही. माप पूर्ण होतं का, दुधात पाणी होतं का, हे तो सांगू शकत नाही. पण निदान जे दूध घातलं त्याचे पैसे मागताना आपल्यावर संशय येऊ नये, एवढं तो नक्की करतो.

पाठवण्याआधी स्वतः एकदा बघा: दूध गेलेले दिवस आणि खाडे मिळून महिन्याचे दिवस होतात का? २८ आणि ३, झाले ३१. मग लिटर गुणिले भाव, मग बेरीज. एवढं जमलं की बटण दाबा.